कार्ड नंबरमधल्या चुका: एक आकडा चुकला तर कळतं, ०९ चं ९० झालं तर का कळत नाही?

प्रश्न: आमच्या पेमेंटच्या फॉर्ममध्ये कार्ड नंबरचा एक जरी आकडा चुकला तरी सर्व्हरला काही न विचारता तिथल्या तिथे चूक दाखवली जाते. एकाआड एक आकडे दुप्पट करून बेरीज करायची, एवढंच मला माहीत आहे. पण परवा एका ग्राहकाने शेजारचे दोन आकडे उलटसुलट टाकले आणि तो नंबर खुशाल पुढे गेला. ही पद्धत नक्की कोणत्या चुका पकडते, कोणत्या सोडते, आणि का?

उत्तर:

ते दोन आकडे ० आणि ९ होते का, हे आधी बघा. तसं असेल तर तुमच्या कोडमध्ये काही बिघाड नाही. शेजारच्या आकड्यांची अदलाबदल ही पद्धत, जिला लून पद्धत म्हणतात, एरवी हटकून पकडते, फक्त ही एकच जोडी तिच्या हातून निसटते. दुसरीच कुठली जोडी असेल तर मात्र कोड तपासायला हवा. ही एक जोडी का निसटते हे नीट समजलं की बाकीच्या चुकांचा हिशोब आपोआप लागतो, म्हणून उत्तराचा बराचसा भाग त्यावरच खर्च करतो.

सुरुवात एका खऱ्या नंबरपासून करू. ६०११ ०००९ ९०१३ ९४२४ हा नंबर घ्या. तो कुणाच्या खात्याचा नाही, पेमेंट गेटवेच्या चाचण्यांसाठी कित्येक वर्षं वापरात असलेला नंबर आहे. त्यात शून्यं आणि नऊ भरपूर असल्यामुळे आपल्या कामाला तो फारच सोयीचा पडतो.

मोजायला उजवीकडून सुरुवात करायची. अगदी उजवीकडचा आकडा, इथे ४, हा चेक डिजिट. त्याला हात लावायचा नाही. त्याच्या डावीकडचा दुप्पट, त्यापुढचा जसाच्या तसा, त्यापुढचा पुन्हा दुप्पट, असं डावीकडे सरकत जायचं. दुप्पट केल्यावर उत्तर दोन आकडी आलं तर त्यातून ९ वजा करायचे. १२ आले की ३, १८ आले की ९. दोन्ही आकड्यांची बेरीज केली तरी तेच मिळतं. शेवटी एकूण बेरजेला दहाने नि:शेष भाग गेला की नंबर पास.

चार-चारचे गट केले की हे पटकन होतं. १६ आकडी नंबरात प्रत्येक गटाचा पहिला आणि तिसरा आकडा दुप्पट होतो. ६०११ मधून ३, ०, २, १ म्हणजे ६. ०००९ मधून फक्त ९. ९०१३ मधून ९, ०, २, ३ म्हणजे १४. ९४२४ मधून ९, ४, ४, ४ म्हणजे २१. सगळे मिळून ५०, नंबर पास. शेवटचे ४ बाजूला ठेवले तर उरलेल्या पंधरा आकड्यांची बेरीज ४६ होते. कार्ड देणारी संस्था हेच उलट्या बाजूने करते. ४६ ला पुढच्या दहाच्या पटीपर्यंत न्यायला ४ लागतात, म्हणून शेवटचा आकडा ४.

आता एक आकडा चुकवू. शेवटच्या गटातल्या २ च्या जागी ७ पडला असं समजा. ही जागा दुप्पट होणारी आहे. २ चे ४ होत होते, ७ चे १४ आणि ९ वजा जाता ५. बेरीज ५१, चूक पकडली. हाच प्रसंग ९ वजा न करता पाहिला तर त्या वजाबाकीची किंमत कळते. तेव्हा २ चे ४ आणि ७ चे १४ धरले असते. दोन्हींत बरोबर दहाचा फरक आहे आणि शेवटी आपण दहाने भाग जातो का तेच पाहतो, म्हणजे २ आणि ७ यांतला फरक दिसलाच नसता. ० आणि ५, १ आणि ६, ३ आणि ८, ४ आणि ९ यांचंही तेच झालं असतं. ९ वजा केल्यामुळे दुप्पट होणाऱ्या जागी ०, १, २, ३, ४, ५, ६, ७, ८, ९ यांचे अनुक्रमे ०, २, ४, ६, ८, १, ३, ५, ७, ९ होतात. उजव्या बाजूला दहाही आकडे एकेकदाच आलेत. दोन वेगळ्या आकड्यांना एकच उत्तर मिळत नाही, म्हणून कुठल्याही जागी कुठलाही एकच आकडा चुकला तर बेरीज बिघडतेच. याला अपवाद नाही.

नुसती बेरीज घेऊनही एक आकडा चुकलेला कळला असता, मग दुप्पट करायचा खटाटोप कशासाठी? अदलाबदलीसाठी. नुसत्या बेरजेला क्रमाशी देणंघेणं नसतं, ४२ आणि २४ तिला सारखेच. एकाआड एक जागांना वेगळी वागणूक दिली की क्रम महत्त्वाचा ठरतो. आपल्या नंबरात शेवटून तिसरा ४ आणि त्याच्या शेजारचा २ यांची अदलाबदल करा. आधी ४ तसाच आणि २ चे ४, म्हणजे ८. आता २ तसाच आणि ४ चे ८, म्हणजे १०. बेरीज ५२ झाली, चूक सापडली.

मग ०९ चं काय होतं? दुसऱ्या गटाच्या शेवटी ०९ आहे, त्यातलं ० दुप्पट होणाऱ्या जागी आहे. ० चे ०, आणि ९ तसेच, म्हणजे ९. उलटं करून ९० लिहिलं तर ९ चे १८, वजा ९, पुन्हा ९. शून्य तसंच. बेरीज ५० ची ५० च. तिसऱ्या गटाच्या सुरुवातीच्या ९० चं ०९ केलं तरी तेच. या एका नंबरात ही निसटणारी चूक दोन ठिकाणी होऊ शकते.

कारण असं की दुप्पट केल्यावर ० आणि ९ जिथल्या तिथेच राहतात. बाकीच्या आकड्यांमध्ये किती बदल होतो ते पाहू. १ मध्ये १ ची वाढ होते, २ मध्ये २, ३ मध्ये ३, ४ मध्ये ४. पाचाचा १ होतो, म्हणजे ४ ची घट. पण आपण दहाच्या हिशोबात आहोत, तिथे ४ ची घट आणि ६ ची वाढ एकच. तसंच ६ मध्ये ७ ची वाढ, ७ मध्ये ८ ची, ८ मध्ये ९ ची. शेजारच्या दोन आकड्यांची जागा बदलली की एकूण बेरीज या दोन वाढींमधल्या फरकाइतकी हलते. वाढी वेगळ्या असतील तर चूक दिसते, सारख्या असतील तर दिसत नाही. यादी पुन्हा पाहा: ०, १, २, ३, ४, ६, ७, ८, ९ आणि शेवटी नवाची पुन्हा ०. फक्त ० आणि ९ यांची वाढ सारखी आहे, आणि ५ ही वाढ कुणाच्याच वाट्याला आलेली नाही.

ती ५ ची रिकामी जागा पाहिली की वाटतं, दुप्पट करण्याऐवजी दुसरा एखादा तक्ता वापरून हे भोक बुजवता येईल. मलाही हा प्रश्न अनेक प्रोग्रामरनी विचारला आहे. उत्तर आहे, येणार नाही, आणि त्याचा पुरावा चार ओळींत बसतो. एका आकड्याची प्रत्येक चूक पकडायची असेल तर तक्त्यात दहाही आकडे एकेकदाच यायला हवेत, म्हणजे तक्त्यातल्या उत्तरांची बेरीज ४५. मूळ आकड्यांची बेरीजही ४५. म्हणून दहा वाढींची एकूण बेरीज दहाच्या हिशोबात ० आलीच पाहिजे. आता प्रत्येक अदलाबदल पकडायची तर दहाही वाढी वेगळ्या हव्यात, म्हणजे त्या ० ते ९ याच असणार. पण त्यांची बेरीज ४५, जिचा शेवटचा आकडा ५. शून्य आणि पाच एकाच वेळी खरे असू शकत नाहीत. म्हणजे दहाच्या हिशोबातली साधी बेरीज वापरायची असेल, तर निदान एक जोडी निसटणारच. दुप्पट करण्याच्या पद्धतीत बरोबर एकच निसटते. याहून चांगलं या चौकटीत करताच येत नाही.

ही पद्धत आयबीएममध्ये काम करणाऱ्या हान्स पीटर लून यांची. पेटंटसाठी त्यांनी जानेवारी १९५४ मध्ये अर्ज केला आणि ते ऑगस्ट १९६० मध्ये मिळालं. पेटंट होतं ते हाताने चालवायच्या एका छोट्या यांत्रिक साधनाचं, म्हणून करायची क्रियाही चाकं फिरवून होईल इतकी सोपी असणं गरजेचं होतं. आज कार्ड नंबरांसाठी हीच पद्धत आयएसओ/आयईसी ७८१२ या मानकात आहे.

चौकट मोडली तर ते भोक बुजतं. जुन्या दहा आकडी आयएसबीएनमध्ये दहाऐवजी अकराचा हिशोब होता. त्यात सगळ्या अदलाबदली पकडल्या जातात, पण चेक डिजिट कधीकधी १० येतो आणि तिथे रोमन X लिहावा लागतो. डच गणितज्ञ याकोबस व्हरहूफ यांनी १९६९ मध्ये बेरीजच बदलली. त्यांच्या क्रियेत क्रम उलटला की उत्तर बदलू शकतं, त्यामुळे वरचा पुरावा तिला लागू पडत नाही. ती दहाच आकड्यांत दोन्ही प्रकारच्या सगळ्या चुका पकडते. पण ती कागदावर करायची तर समोर तक्ता ठेवावा लागतो, आणि कार्डांची दुनिया लून पद्धतीवरच उभी राहिली.

व्हरहूफ यांनी माणसं आकडे लिहिताना कशी चुकतात याचीही मोजदाद केली होती. त्यात एकच आकडा चुकण्याचं प्रमाण जवळपास ऐंशी टक्के आणि शेजारच्या आकड्यांच्या अदलाबदलीचं दहा टक्क्यांच्या आसपास निघालं. लून पद्धत पहिल्या प्रकारातलं काहीच सोडत नाही. दुसऱ्या प्रकारात शक्य असलेल्या ९० उलटापालटींपैकी ८८ पकडते. ही दोन आकडेवारी एकत्र ठेवली की एवढी साधी युक्ती इतकी का टिकली ते कळतं.

आता बाकीच्या निसटणाऱ्या चुका. मधला आकडा जागेवर ठेवून दोन्ही बाजूंचे आकडे बदलले, जसं ९४२ चं २४९, तर ते कधीच कळत नाही. एकाआड एक जागांना सारखीच वागणूक असते, दोघेही दुप्पट होतात किंवा दोघेही होत नाहीत. हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर झाली की जास्त त्रास देते. कार्डावर नंबर चार-चारच्या गटांत छापलेला असतो आणि लोक तो तसाच वाचून टाइप करतात. नजर घसरली आणि दुसऱ्या गटाच्या जागी तिसरा, तिसऱ्याच्या जागी दुसरा टाकला गेला, तर ६०११ ९०१३ ०००९ ९४२४ हा नंबरही ५० च देतो. चार ही सम संख्या असल्यामुळे गट कुठेही हलवला तरी त्यातले दुप्पट होणारे आकडे दुप्पट होणाऱ्या जागीच राहतात. माझ्या मते ० आणि ९ पेक्षा ही उणीव जास्त जाणवणारी आहे, कारण गटांची छपाईच तिला आमंत्रण देते. तरी तिच्याविषयी फारसं कुणी बोलत नाही. पहिला गट हलला तर मात्र सुरुवातीचे आकडे बदलतात आणि कार्ड कोणत्या कंपनीचं हे ओळखणाऱ्या तपासणीत ते बरेचदा अडकतं.

दुसरा प्रकार जोड-आकड्यांचा. २२ च्या जागी ५५, ३३ च्या जागी ६६ आणि ४४ च्या जागी ७७ टाकले, किंवा याच्या उलट केलं, तर कळत नाही. २२ मधून ४ आणि २, म्हणजे ६. ५५ मधून १ आणि ५, तेही ६. आकड्यांचा कीपॅड डोळ्यांसमोर आणा. २ आणि ५, ३ आणि ६, ४ आणि ७ ही बटणं एकमेकांच्या वर-खाली असतात, मग कीपॅड फोनचा असो की संगणकाचा. बोट एक ओळ वर किंवा खाली गेलं आणि तिथेच दोनदा दाबलं गेलं, की नेमकी ही चूक होते. १ आणि ४, ५ आणि ८, ६ आणि ९ याही वर-खालच्या जोड्या आहेत, पण ११ चं ४४, ५५ चं ८८ किंवा ६६ चं ९९ झालं तर पकडलं जातं.

दोन वेगवेगळ्या जागी दोन आकडे आपापले चुकले तर नऊ प्रसंगांपैकी साधारण एकात दुसरी चूक पहिलीला झाकून टाकते. आणि कुणी मनात येईल तो १६ आकडी नंबर टाकला तर दहापैकी एक पास होतो. म्हणून ही तपासणी बोटांच्या चुकांसाठी आहे, फसवणूक रोखण्यासाठी अजिबात नाही. खातं आहे का, कार्ड चालू आहे का, यातलं काहीच तिला माहीत नसतं.

आकडा गाळला किंवा जास्तीचा पडला तर लून पद्धतीवर भरवसा ठेवू नका, लांबी वेगळी तपासा. आकडा गळला की त्याच्या डावीकडचे सगळे एक जागा सरकतात, दुप्पट होणारे न होणारे होतात, आणि बेरीज योगायोगाने जुळण्याची शक्यता दहात एक उरते. सुरुवातीला शून्यं जोडली तर बेरीज बदलतच नाही, आणि सगळी शून्यं असलेला नंबर तर हमखास पास होतो.

आता कोड. मी पाहिलेल्या चुकीच्या कोडपैकी बहुतेकांत एकच गफलत असते: मोजणी डावीकडून केलेली असते. १६ आकडी कार्डात त्याने काही बिघडत नाही, त्यामुळे चाचण्या हिरव्या दिसतात. मग कुणीतरी अमेरिकन एक्सप्रेसचं १५ आकडी कार्ड टाकतो आणि बरोबर नंबरही नाकारला जातो. त्यांचा चाचणीचा नंबर ३७८२ ८२२४६३ १०००५ घ्या. उजवीकडून मोजलं तर बेरीज ६० येते. डावीकडचा पहिला आकडा दुप्पट करून सुरुवात केली तर ४८ येते. उजवीकडून मोजणारा कोड असा:

```python
def luhn_ok(s):
    total = 0
    for i, ch in enumerate(reversed(s)):
        d = int(ch)
        if i % 2 == 1:
            d *= 2
            if d > 9:
                d -= 9
        total += d
    return total % 10 == 0
```

यात मोकळ्या जागा आणि आडव्या रेघा आधी काढून टाकाव्या लागतात, नाहीतर `int` अडखळेल. रिकामी स्ट्रिंग दिली तर बेरीज ० होऊन उत्तर `True` येतं, तेव्हा लांबीची अट याच्या आधी हवी. आणखी एक गंमत: पायथनचा `int` देवनागरी आकडेही मुकाट्याने स्वीकारतो. कीबोर्ड मराठीवर असताना कुणी ४२४२ टाइप केलं तर तपासणी पास होईल आणि गेटवे तेच परत पाठवेल. आत येतानाच आकडे इंग्रजीत बदलून घ्या.

फॉर्मच्या वागण्याबद्दलही एक सांगतो. टाइप करत असताना प्रत्येक आकड्यागणिक तपासणी चालवू नका. अर्धवट नंबरही दहात एकदा पास होतो, त्यामुळे हिरवी खूण मध्येच उगवते, पुढच्या आकड्याला मावळते आणि माणूस गोंधळतो. सुरुवातीच्या आकड्यांवरून कार्डाची लांबी ठरते. तितके आकडे झाले की मगच तपासा. चूक सापडली तर "नंबर पुन्हा एकदा पाहून घ्या" एवढंच म्हणा. "कार्ड अवैध आहे" असा संदेश दिसला की लोक बँकेला फोन करतात.

तुमच्या त्या ग्राहकाच्या प्रकरणात पूर्ण नंबर नोंदीत साठवून शोध घेऊ नका, त्याला कार्ड उद्योगाच्या सुरक्षानियमांची आडकाठी आहे. कोड बरोबर आहे का हे कळायला वरचा ६०११ ने सुरू होणारा चाचणीचा नंबर पुरेसा आहे. मूळ नंबर पास व्हायला हवा. दुसऱ्या गटातलं ०९ उलटं केलं तरी पास व्हायला हवा, गटांची अदलाबदल केली तरी पास. शेवटच्या गटाचं ९२४४ केलं तर मात्र नापास व्हायला हवा. तोही पास झाला, तर तुमच्या कोडमध्ये कुठेतरी चूक आहे. आणि दुप्पट करणंच राहून नुसती बेरीज चालू असेल, तर मूळ नंबरचीच बेरीज ४९ येईल आणि तोच नापास होईल.